‘तळं, होडी, झाड’ पुरेसं नाही: प्रवासातल्या फोटोंचा मूड लिहून घेतानाच्या नोंदी

४ जानेवारी

प्रवासात काढलेले २४ फोटो निवडले. सगळी निसर्गदृश्यं आहेत: पाणी, डोंगर, रस्ते, माळ. माणसं जवळजवळ नाहीत. ताईची नजर गेली काही वर्षं कमी होत होती, आता ती फोटो पाहू शकत नाही. फोटोसोबत लिहिलेलं वर्णन तिचा फोन तिला वाचून दाखवतो. २४ वर्णनं मीच लिहिली असती, पण मागे काही हजार फोटो पडून आहेत. म्हणून चित्र वाचू शकणारं एक एआय मॉडेल घरच्या संगणकावर बसवलं आणि त्याला विचारलं, “या फोटोचं वर्णन कर.”

फोटो ७ हा पहाटेच्या धुक्यातल्या तळ्याचा. त्याचं वर्णन असं आलं: “फोटोत एक तळे आहे. काठाला एक लाकडी होडी बांधलेली आहे. डावीकडे काही झाडे असून मागे डोंगर दिसतात. आकाश ढगाळ आहे.”

यातलं काहीच चूक नाही. ताईने अशी तीन वर्णनं ऐकली आणि मला थांबवलं. “अगं, ही सामानाची यादी झाली. तिथं उभं राहिल्यावर कसं वाटत होतं, ते सांग ना.”

हेच काम आता करायचं.

५ जानेवारी

पहिला प्रयत्न अगदी सरळ केला. प्रॉम्प्ट बदलून लिहिलं, “वस्तूंची यादी देऊ नकोस, या दृश्याचा मूड सांग.” फोटो ७ ला उत्तर मिळालं: “हे दृश्य अतिशय शांत आणि निसर्गरम्य असून मनाला प्रसन्नता देते.”

छान म्हणून पुढचे फोटो चालवले. बाराव्याला शंका आली आणि सगळी उत्तरं एका फाइलमध्ये घेऊन शब्द मोजले. २४ पैकी १९ उत्तरांत ‘शांत’ आहे. वादळ समोरून चालून येतंय तो फोटो ११ सुद्धा शांत, आणि भर दुपारी रणरणत्या उन्हातला रस्ता, फोटो १९, तोही शांत.

म्हणजे यादी गेली आणि तिच्या जागी शुभेच्छापत्र आलं. खरं सांगायचं तर यादी याहून बरी होती. निदान तिच्यावरून तळं कुठलं आणि रस्ता कुठला, एवढं तरी कळत होतं.

६ जानेवारी

‘शांत’, ‘निसर्गरम्य’, ‘प्रसन्न’, ‘मनमोहक’ या शब्दांवर प्रॉम्प्टमध्येच बंदी घातली. लगेच ‘निवांत’, ‘रमणीय’ आणि ‘आल्हाददायक’ हजर झाले. त्यांच्यावरही बंदी घातली तर ‘स्तब्ध’ आणि ‘विलोभनीय’ आले. एक संध्याकाळ यात गेली आणि हा रस्ता सोडला. मॉडेल फोटोतल्या कशाकडे पाहून बोलतंय, हे शब्द बदलून बदलत नाही. पाणी आणि डोंगर दिसले की त्या जोडीला जो गुळगुळीत शब्द चिकटलेला असतो, तोच ते उचलतं, आणि बंदी घातली की त्याचा शेजारचा शब्द घेतं.

८ जानेवारी

दोन दिवस हात न लावता नुसतं वाचलं. अशा मॉडेल्सना वस्तूंचीच सवय का, याचं एक ठोस कारण प्रशिक्षणाच्या साहित्यात सापडतं. चित्रवर्णन शिकवण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या, चित्रं आणि त्यांची वर्णनं असलेल्या संचांपैकी एक म्हणजे COCO. तो २०१४ मध्ये आला आणि त्याच्या वर्णनांविषयीचा लेख २०१५ मध्ये. वर्णन लिहिणाऱ्यांना दिलेल्या सूचना त्या लेखात छापल्या आहेत. दृश्यातले सर्व महत्त्वाचे भाग लिहा. बिनमहत्त्वाचे तपशील लिहू नका. आधी काय घडलं असेल किंवा पुढे काय घडेल ते लिहू नका. वाक्यात किमान आठ शब्द असू द्या. वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी या सूचना चोखच आहेत. पण अशा लाखो वाक्यांवर जे शिकलं, ते ‘वर्णन कर’ म्हटल्यावर भाग मोजणारच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या संचातल्या वस्तूंचे वर्ग ८० आहेत. त्यात होडी आहे, पक्षी आहे, बाक आहे. धुकं नाही, आकाश नाही, डोंगर नाही. या क्षेत्रात दोन गट मानतात. ज्यांना कडा असते आणि ज्या मोजता येतात त्या वस्तू एका गटात. ज्यांना कडा नसते, जे नुसते पसरलेले असतात, ते दुसऱ्या गटात: पाणी, आकाश, धुकं, गवत. हा दुसरा गट त्याच चित्रांवर नंतर वेगळ्या कामातून चिन्हांकित केला गेला.

निसर्गदृश्याच्या फोटोत मूड जवळजवळ सगळा या दुसऱ्या गटात असतो. फोटो ७ मधली होडी काढून टाकली तरी ती पहाट तशीच राहील. धुकं काढलं तर तळं उरेल आणि पहाट जाईल.

मॉडेलला धुकं दिसत नाही असं मात्र नाही. “धुकं आहे का?” असं विचारलं तर ते बरोबर ‘हो’ म्हणतं. आपणहून त्याकडे वळत नाही, इतकंच. तेव्हा त्याला त्या बाजूला वळवणारा प्रश्न हवा.

९ जानेवारी

चाचणीसाठी चार फोटो वेगळे काढले. चारही तळ्याचे, चारहींत पाणी, डोंगर, झाडं आणि काठाला एक होडी. फोटो ७ पहाटेच्या धुक्याचा, फोटो ९ भर दुपारचा, फोटो ११ वादळाच्या आधीचा, फोटो १४ सूर्य मावळल्यावरच्या निळ्या उजेडाचा. वस्तूंची यादी केली तर चारही सारखेच. त्यामुळे वर्णनावरून हे चार वेगळे ओळखता आले, तर ती ओळख वस्तूंपलीकडून आलेली असणार.

पद्धत अशी ठेवली: मी वर्णन वाचायचं, भाच्यासमोर चारही फोटो मांडलेले असणार, त्याने बोट ठेवायचं. नुसत्या अंदाजाने चारातलं एक बरोबर येऊ शकतं. पाच तारखेच्या ‘मूड सांग’वाल्या वर्णनांवर त्याचं नेमकं एकच बरोबर आलं. दुसऱ्या वर्णनाला तो म्हणाला, “मावशी, हे चारांनाही लागू पडतं की!”

१२ जानेवारी

मूडचा प्रश्न आधी विचारणं बंद केलं. आता उजेड आणि अंतर यांबद्दल असे प्रश्न विचारायचे की ज्यांची उत्तरं फोटोवर बोट ठेवून तपासता येतील. मूड त्यांच्यानंतर. आजचा प्रॉम्प्ट:

```
आधी या चार प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं दे:
१. उजेड कुठून येतो आहे? सावल्यांच्या कडा धारदार आहेत, मऊ आहेत, की सावल्याच नाहीत?
२. आकाश जास्त उजळ आहे की जमीन?
३. नजर किती दूर जाते आणि कशापाशी थांबते?
४. चित्रात हालचालीची खूण आहे का? असल्यास कोणती?
मग फक्त या उत्तरांच्या आधारे, दोन वाक्यांत, तिथे उभ्या असलेल्या
माणसाला कसं वाटेल ते लिही. वस्तूचं नाव जास्तीत जास्त एकदा.
आवाज, वास, आठवणी लिहू नकोस.
```

क्रम मुद्दाम असा आहे. मॉडेल शब्दामागून शब्द लिहीत जातं आणि आधी लिहिलेलं पुढच्याला वळण देतं. मूड आधी आणि कारण नंतर मागितलं, तेव्हा ते आधी ‘शांत’ लिहून बसलं आणि मग त्या शब्दाची बाजू मांडू लागलं. फोटो ७ बद्दल तर ‘लांब मऊ सावल्यांमुळे’ असं कारण दिलं. त्या धुक्यात सावली नावाची गोष्टच नव्हती.

दुसरा प्रश्न फोटो ११ मुळे सुचला. एरवी उघड्यावर आकाश जमिनीहून उजळ असतं, आपल्या डोळ्यांना तीच सवय. त्या दिवशी माझ्या पाठीमागून ऊन होतं आणि समोर काळा ढग, त्यामुळे काठचं गवत आकाशाहून कितीतरी उजळ आलंय. तो फोटो पाहताना पोटात जो गोळा येतो, त्याचं कारण ही उलटापालट आहे, असं मला वाटतं. शिवाय हे उत्तर यंत्रानेही तपासता येतं. क्षितिजाच्या वरच्या आणि खालच्या भागाचा सरासरी उजळपणा काढायचा आणि पाहायचं.

फोटो ७ चं आजचं उत्तर: “उजेडाला दिशा नाही आणि सावल्या नाहीत. आकाश आणि पाणी जवळजवळ सारखेच उजळ आहेत. नजर होडीच्या थोडी पुढे जाऊन पांढुरक्यात हरवते. हालचालीची खूण नाही. समोर काही आहे हे माहीत असूनही ते दिसत नाही, त्यामुळे पाऊल आपोआप थांबेल. वेळ कोणती हेही कळत नाही, जणू दिवस अजून ठरायचा आहे.”

हे मी दोनदा वाचलं. ‘दिवस अजून ठरायचा आहे’ हे मला स्वतःला सुचलं नसतं. तरी त्याचं कारण वरच्या चार ओळींत आहे: दिशाहीन उजेड, एकसारखं आकाश आणि पाणी.

भाच्याची चाचणी परत घेतली. चारपैकी तीन बरोबर. फोटो १४ चं वर्णन ऐकून मात्र त्याने फोटो ७ वर बोट ठेवलं. दोन्हींत सावल्या नाहीत आणि दोन्हींत हालचाल नाही. माझ्या चार प्रश्नांत रंगाचा प्रश्नच नव्हता, ही माझी चूक. ‘एकूण रंग कोणत्या बाजूला झुकतो: उबदार, थंड, की कुठेच नाही?’ हा पाचवा प्रश्न वाढवला.

१३ जानेवारी

पाच प्रश्नांनंतर चारही ओळखले गेले. पण आता भाचा फोटो पाहून पाहून तयार झालाय, त्यामुळे त्याच्या या निकालावर फार भिस्त ठेवत नाही. पुढच्या खेपेला नवे फोटो किंवा नवा माणूस.

१६ जानेवारी

आज फोटो ३ ने गोंधळात टाकलं. ते लांबलचक पठार आहे, कडेला बसक्या टेकड्या, सगळं आडवं, निजल्यासारखं. रुंदी उंचीच्या तिप्पट. मॉडेल म्हणतं, “समोरचे उंच, अरुंद सुळके वाट अडवतात, कोंडल्यासारखं वाटेल.” सुळके? मी तिथे होते. त्या टेकड्यांवर गुरंसुद्धा न थकता चढतील.

बराच वेळ प्रॉम्प्टमध्ये दोष शोधला. तो तिथे नव्हताच. या मॉडेलचा चित्र वाचणारा भाग फक्त चौरस चित्र घेतो, ८९६ बाय ८९६ पिक्सेल. दिलेला फोटो चौरस नसेल तर तो दाबून चौरस केला जातो. ३:१ चा फोटो आडवा दाबला की उंचीच्या मानाने रुंदी एक तृतीयांश होते आणि प्रत्येक उताराचा चढ तिप्पट. मॉडेलने जे पाहिलं त्याचं वर्णन प्रामाणिकपणे केलं, फक्त त्याला दाखवलं गेलं ते माझं पठार नव्हतं. वस्तूंची यादी मागितली असती तर हा बिघाड कधीच लक्षात आला नसता, कारण दाबलेली टेकडी ही शेवटी टेकडीच.

काही मॉडेल्स दाबण्याऐवजी मधला चौरस कापून घेतात. तिथे वेगळीच पंचाईत. ३:२ च्या साध्या फोटोचा दोन्ही कडांना सहावा-सहावा भाग जातो. ३:१ च्या फोटोचा मधला तिसरा हिस्सा तेवढा उरतो, आणि एका कोपऱ्यातलं एकटं झाड, ज्याच्यासाठी एवढी रिकामी जागा सोडलेली असते, नेमकं तेच कापलं जातं.

उपाय: फोटो स्वतःच चौरसात बसवून द्यायचा, वरखाली पट्ट्या भरून. पट्ट्या आधी काळ्या भरल्या, तर वर्णनात ‘गडद, बंदिस्त’ उतरलं. म्हणजे पट्टीचा रंगही मूडमध्ये झिरपतो. आता पट्टीला फोटोचाच सरासरी रंग देते:

```python
from PIL import Image, ImageOps

im = ImageOps.exif_transpose(Image.open("photo_03.jpg")).convert("RGB")
avg = im.resize((1, 1), Image.Resampling.BOX).getpixel((0, 0))
ImageOps.pad(im, (896, 896), color=avg).save("photo_03_pad.jpg", quality=95)
```

आणि प्रॉम्प्टमध्ये एक ओळ: ‘वरखालच्या एकरंगी पट्ट्या फोटोचा भाग नाहीत.’ यात तोटाही आहे. ३:१ चा फोटो आता जेमतेम ३०० पिक्सेल उंचीत बसतो, त्यामुळे दूरची बारीक गोष्ट पुसली जाते. मूडसाठी बहुतेक वेळा चालून जातं. एखाद्या दृश्यात एकच लहानसा माणूस असेल आणि सगळा अर्थ त्याच्यात असेल, तर नाही चालत. असे दोन फोटो आहेत, त्यांची वर्णनं हातानेच लिहीन.

फोटो ३ चं नवं उत्तर: “नजरेला कुठेच चढावं लागत नाही, ती आडवी सरकत राहते. इथे घाई केली तरी काही लवकर येणार नाही, असं वाटेल.” हो, हेच ते पठार.

१९ जानेवारी

रंगाच्या उत्तरावर विश्वास ठेवावा का, ते आज पाहिलं. फोटो १४ ची कृष्णधवल प्रत केली आणि तोच प्रॉम्प्ट चालवला. उत्तरात पुन्हा ‘थंड निळसर उजेड’. कृष्णधवल चित्रात निळं आलं कुठून? मावळतीनंतरचं तळं ओळखलं आणि त्याच्यासोबत नेहमी येणारा शब्द लिहून टाकला. म्हणजे मूळ फोटोबद्दलचं ‘निळसर’ बरोबर होतं, पण ते पाहून लिहिलेलं असेलच असं नाही.

मग उलट्या बाजूनेही पाहिलं. फोटो ७ ची एक प्रत उबदार केली, लाल थोडा वाढवला, निळा थोडा कमी केला. इथे उत्तर बदललं: ‘कुठेच नाही’ होतं ते ‘उबदार’ झालं, आणि शेवटच्या वाक्यांतली अनिश्चितता कमी झाली. हे योग्य झालं. तिसरी प्रत आरशातल्यासारखी उलटी केली. तिच्यात डावी-उजवी बाजू सोडून काही बदलायला नको होतं आणि बदललंही नाही.

आता प्रत्येक नव्या प्रॉम्प्टला तीन फोटोंवर हीच परीक्षा घेते. रंग काढला तर रंगाचे शब्द जायला हवेत. रंग बदलला तर मूड सरकायला हवा. फोटो उलटा केला तर काहीच हलायला नको. जे वर्णन कृष्णधवल प्रतीवर तसंच राहतं, त्यातले रंगाचे शब्द मी काढून टाकते. पाचवा प्रश्नही बदलला: ‘चित्रात रंग आहे का? असल्यास कोणत्या बाजूला झुकतो?’ आधी असण्याचा प्रश्न आला की सवयीने लिहिणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

२० जानेवारी

छोटी नोंद. मॉडेल जवळजवळ प्रत्येक तांबूस आकाशाला ‘मावळती’ म्हणतं. फोटो ५, २१ आणि २२ सूर्योदयाचे आहेत. नुसत्या चित्रावरून हे मलाही खात्रीने सांगता येणार नाही, मग मॉडेलला दोष कसा देऊ? फोटोच्या फाइलमध्ये `DateTimeOriginal` असतं, तिथून वेळ काढून प्रॉम्प्टमध्ये एका वाक्यात घालते. प्रवासात कॅमेऱ्याचं घड्याळ स्थानिक वेळेला लावलेलं होतं ना, हे मात्र आधी पाहायचं. एका प्रवासात मी ते लावलं नव्हतं आणि मॉडेलने उजळ दुपारीसुद्धा ‘पहाटेची हुरहुर’ लिहिली. वेळ हातात मिळाली की ते चित्रापेक्षा वेळेवर जास्त विसंबतं. म्हणून वेळेचं वाक्य पाच प्रश्नांच्या नंतर आणि मूडच्या आधी ठेवलंय.

२३ जानेवारी

ताईला नव्या पद्धतीची दहा वर्णनं ऐकवली. तिचा आक्षेप आला तो मला अपेक्षित नव्हता. फोटो ७ ऐकून ती म्हणाली, “छान आहे गं. पण आहे कुठं हे? पाणी आहे की वाळवंट?”

बरोबर आहे. वस्तू काढण्याच्या नादात मी तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. डोळस माणूस मूडचं वाक्य वाचतो तेव्हा फोटो त्याच्यासमोर असतो. तिच्यासमोर काहीच नसतं. म्हणून सुरुवातीला एक छोटं वाक्य, जास्तीत जास्त आठ-दहा शब्दांचं, फक्त जागा सांगणारं. मग मूडची दोन वाक्यं. पाच प्रश्नांची उत्तरं तिला वाचून दाखवायची नाहीत, ती माझ्या तपासणीसाठी.

फोटो ७ आता असा: “धुक्यातलं तळं, काठाला बांधलेली रिकामी होडी. समोर काही आहे हे माहीत असूनही ते दिसत नाही, त्यामुळे पाऊल आपोआप थांबेल. वेळ कोणती हेही कळत नाही, जणू दिवस अजून ठरायचा आहे.”

‘रिकामी’ हा शब्द मी ठेवला. तो वस्तूबद्दलही बोलतो आणि मूडबद्दलही.

तिने आणखी एक पकडलं. फोटो १६ मध्ये मॉडेलने ‘पाखरांच्या किलबिलाटाने भरलेली दरी’ लिहिलं होतं. आवाज लिहू नकोस असं बजावूनही लिहिलं, आणि माझ्या नजरेतून सुटलं. ताई लगेच म्हणाली, “किती पाखरं होती?” एकही नव्हतं. पाहणाऱ्याला असा खोटा शब्द फोटोवरून चटकन खोडता येतो. तिला तो खोडायला जागाच नाही, तिच्या आठवणीत तो दरीचा भाग होऊन बसणार. २४ वर्णनं पुन्हा तपासली, प्रत्येक भावनेच्या शब्दाला पाचांपैकी कुठल्या उत्तराचा आधार आहे ते पाहिलं. ज्यांना आधार नव्हता असे सात शब्द निघाले. सातही काढले.

२७ जानेवारी

फोटो १९ राहिला होता, दुपारचा रस्ता. मॉडेलची उत्तरं सगळी बरोबर आहेत: ऊन डोक्यावर, सावल्या आखूड आणि धारदार, रस्ता सरळ क्षितिजापर्यंत, हालचाल नाही. मूड: “लपायला जागा नाही, आणि पुढे किती जायचं हे दिसत असूनही ते जवळ येत नाही.” तिन्ही प्रतींच्या परीक्षेत पास.

तरी मला ते खोटं वाटत राहिलं. विचार केल्यावर कारण कळलं. त्या दुपारी मी खूप दिवसांनी एकटी निघाले होते आणि त्या रस्त्यावर इतकं मोकळं वाटलं की गाडी थांबवून नुसती उभी राहिले. फोटोत त्यातलं काही नाही, आणि कुठलाही प्रश्न विचारून ते त्यातून निघणार नाही. मॉडेलचं वाक्य त्या चित्राचं आहे. माझं वाक्य माझ्या त्या दिवसाचं.

ताईला दोन्ही दिली. मॉडेलचं वर्णन फोन वाचतो, तसंच ठेवलं. त्याच्यामागे माझ्या आवाजात अकरा सेकंदांची ध्वनिफीत जोडली. तिने ती दोनदा ऐकली आणि विचारलं, “बाकीच्या तेवीसांची कुठं आहेत?”

उद्यापासून रेकॉर्डिंग. फोटो १ पासून.